‘वर पूर्णा, खाली तूर’: आमच्या होस्टेलचं मीम बाहेरच्यांना का कळत नाही?

पूर्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी दर्यापूरकडच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच आवारात फार्मसी कॉलेजही आहे. होस्टेल वेगवेगळी, पण मेस दोघांची एकच. यंदा वार्षिकांकाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा होस्टेलच्या मीमवर लेख करायचं ठरवलं. ग्रुपमधली दोन वर्षांची मीम काढून बसले. पाहता पाहता तीन ढीग झाले: मेसचं जेवण, अटेंडन्स आणि परीक्षेची आदली रात्र.

त्यातलं एक मीम खाली जोडलं आहे. स्टीलची वाटी, वर पिवळं नितळ पाणी, तळाशी बसलेली अख्खी डाळ आणि त्यावर लिहिलंय ‘वर पूर्णा, खाली तूर, मधात आमी’. हे ग्रुपवर आलं त्या रात्री मुलींच्या होस्टेलच्या तिन्ही मजल्यांवरून हसण्याचा आवाज येत होता. त्यानंतर तीच ओळ टाकून पोरापोरींनी आपापल्या वाटीचे फोटो काढले. तसे दहा मला सापडले, मूळचं धरून अकरा.

हेच मीम मी पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मामेबहिणीला पाठवलं. तिनं विचारलं, ‘यात हसायचं काय?’ मग तिनं त्यांच्या मेसचं पाठवलं, भाजीत पनीर शोधणाऱ्या मुलाचं. ते मी आमच्या ग्रुपवर टाकलं तर कोणी हूं की चूं केलं नाही. आमच्या मेसमध्ये पनीर होतं वर्षातून दोनदा. हरवायला आधी असावं तर लागतं!

माझा प्रश्न असा: असं मीम कळायला वाचणाऱ्याला आधीपासून नेमकं काय माहीत असावं लागतं? ‘होस्टेलमध्ये राहिलेल्यांना कळतं’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही, कारण मामेबहीण पण होस्टेललाच राहते.

---

वऱ्हाडी_पोट्टा

ताई, मी तेल्हाऱ्याकडचा. मले एका नजरेत समजलं. तुमची बहीण पुण्यात वाढली असन, तिले पूर्णा म्हंजे एखाद्या पोरीचं नाव वाटलं असन.

आपल्या इकडं दर घरात तुरीचं पोतं रायते. दाय घरची, भरडून आनलेली. माय वरन करते ते असं घट्ट की भाताच्या आयातून वाहत नाई. आन् असा पोट्टा मेसमधी जाते अन् त्याले वाटीत नदी दिसते. ज्यायच्या वावरात तूर पिकते त्यायलेच तूर शोधा लागते, हे दुखनं हाय त्याच्यात. पुण्याच्या पोराले दाय दुकानातूनच भेटते, त्याले पातळ दायीचं काय वाटन?

---

ग्राहक_मंच

ताई, मेसवाला डाळीत पाणी घालत असेल तर नुसते फोटो काढून काय होणार? रेक्टरकडे लेखी तक्रार द्या, तारखेसह फोटो जोडा आणि पोच घ्या. मेस कमिटीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतील तर त्यांच्यामार्फत साप्ताहिक मेनू आणि प्रत्येक पदार्थाचं प्रमाण लिहून घ्या. आमच्या वेळी आम्ही असंच केलं होतं आणि पंधरा दिवसांत फरक पडला.

---

पूर्णाकाठची

@ग्राहक_मंच काका, सल्ल्याबद्दल आभार, पण मी तक्रार घेऊन आले नाही. मेसच्या काकू आमच्याशी फार मायेनं वागतात. ताप आला तर वेगळी खिचडी टाकून देतात. मला मीम कसं चालतं ते समजून घ्यायचंय.

@वऱ्हाडी_पोट्टा दादा, घरच्या तुरीचं तुम्ही सांगितलं ते अगदी पटलं. ते लेखात घेते.

---

मेसवाल्या_काकूंचा_मुलगा

मी दोन दिवस हा धागा वाचतोय. आता लिहितो. तुमच्या कॉलेजचं मला माहीत नाही, पण माझी आई त्याच पट्ट्यातल्या एका होस्टेलची मेस चालवते, चौदा वर्षं झाली. असे फोटो आमच्याही पोरांनी टाकलेत आणि ते आईपर्यंत आलेत.

आमच्याकडे नव्वद पोरं आहेत. एका वेळच्या वरणाला आई साडेतीन किलो तूरडाळ घेते, म्हणजे माणशी चाळीस ग्रॅमच्या आसपास. हे प्रमाण वर्षभर बदलत नाही. पाणीही त्याच पातेल्यानं मोजून पडतं. तरी एक दिवस वरण घट्ट होतं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या फोटोसारखं फाटतं.

कारण पाणी आहे. नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं तेव्हा डाळ शिजून फुटते, रवीनं घोटली की एकजीव होते. नळ आला नाही की टाकीत बोअरचं पाणी चढवतात. आपला खारपाणपट्टा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात डाळ दीड-दीड तास उकळते पण दाणा टणकच. घोटायला गेलं तर रवी नुसती फिरते. मग वाढून दहा मिनिटं झाली की डाळ खाली, पाणी वर. पाणी जास्त घातलेलं नसतं, ते वेगळं झालेलं दिसतं. वरून एकोणीस किलोचं सिलिंडर त्या दिवशी जास्त जळतं ते वेगळंच.

फोटो पाहून आई काही बोलली नव्हती. रात्री जेवली नव्हती एवढं मला आठवतं.

---

फार्मसी_थर्ड_इयर

@मेसवाल्या_काकूंचा_मुलगा हे रसायनशास्त्राच्या दृष्टीनं तंतोतंत बरोबर आहे. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे. शिजताना पेक्टिन सुटतं आणि दाणा फुटतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते पेक्टिनला आणखी घट्ट बांधून ठेवतं. मग आंच कितीही द्या. पाणी जड आहे का हे पाहायला प्रयोगशाळा नको, साबण घ्या. फेस न येता हाताला चिकट पांढरा थर बसला की समजायचं, आज वरण फाटणार.

आईला सांगा, जमलं तर नळाच्या पाण्याचा एक ड्रम फक्त डाळीसाठी झाकून ठेवावा आणि डाळ त्याच पाण्यात आधी भिजवावी. भिजवायलाही बोअरचं वापरलं तर उपयोग होत नाही, कारण दाणा तेच पाणी पिऊन बसतो.

---

मेसवाल्या_काकूंचा_मुलगा

ड्रम आहे दादा, दोन आहेत. नळ चार-पाच दिवस आला नाही तर दोन्ही संपतात. नव्वद पोरांचं वरण आहे ते. चिमूटभर सोडा टाकला तर डाळ मऊ पडते, पण पोरं म्हणतात वास येतो.

---

पूर्णाकाठची

काल रात्री मी एक काम केलं. ग्रुपमध्ये मागे जाऊन वाटीचे अकराही फोटो कोणत्या दिवशी पडले ते वहीत लिहिलं. मग त्या तारखांच्या आसपास पाण्याबद्दल कोणी काही लिहिलंय का ते शोधलं. आमच्या मुलींच्या ग्रुपवर बोअरचं पाणी चढलं की लगेच मेसेज येतो, ‘आज केस धुऊ नका गं’. त्या पाण्यानं केस जटा होतात.

अकरापैकी आठ फोटो त्या मेसेजच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आलेत. म्हणजे केसांचा मेसेज आणि डाळीचं मीम एकाच टाकीतून निघत होते आणि दोन वर्षं ते आमच्या लक्षात आलं नाही. उरलेल्या तिनांपैकी एक गॅदरिंगच्या आदल्या दिवशीचा आहे. तेव्हा बाहेरून आलेली पोरं पण आमच्याच मेसमध्ये जेवली, म्हणजे त्या दिवशी डाळ खरोखर लांबवली असणार. बाकी दोघांचा मेळ लागत नाही.

आता मला वाटतं की ‘वर पूर्णा’ ही ओळ ज्यानं कोणी लिहिली त्याला खारपाण ठाऊक होतं. पूर्णेच्या खोऱ्यातलंच खारं पाणी, तेच वाटीत वर तरंगतंय.

---

वऱ्हाडी_पोट्टा

नाई ताई, एवढं इचार करून कोनी मीम बनवत नाई. त्यानं पाणी पायलं, नदीचं नाव घातलं, झालं. आपल्याले खारपाण मालूम हाय म्हून आपन ते त्याच्यात पायलं.

---

तासिकावाले_सर

धाग्यात दुसऱ्या ढिगाबद्दल कोणीच बोललेलं नाही म्हणून लिहितो. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. अटेंडन्सची मीम माझ्याकडे मुलंच पाठवतात. त्यातलं एक मला विशेष खरं वाटतं. रिकाम्या वर्गात एक मुलगा दप्तर घेऊन बसलेला आणि खाली ‘रोज आलो तरी ७३.८’.

बाहेरच्या माणसाला वाटतं की मुलानं आधी दांड्या मारल्या आणि आता रडतोय. आतल्याला त्यामागचं गणित माहीत असतं. एका विषयाची सत्रात ४८ लेक्चर्स ठरलेली आहेत असं धरा. ७५ टक्के म्हणजे ३६. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ३० झाली आणि मुलगा १९ ला हजर होता. त्यानं हिशेब केला, उरली १८, सगळी केली तर ३७ होतात. सुटलो! तो त्या दिवसापासून खरोखर रोज येऊ लागतो.

पण पुढे दिवाळी लागते, परीक्षेचं वेळापत्रक लवकर येतं, एखाद्या विषयाला शिक्षकच नसतो आणि ४८ ची ४२ वरच सत्र संपतं. त्यानं उरलेली बाराही केली. १९ आणि १२, झाले ३१. बेचाळीसपैकी एकतीस म्हणजे ७३.८. त्या दिवसापासून एकही दांडी न मारता तो शॉर्टेजच्या यादीत. वर्ग रिकामा दाखवलाय तो याचसाठी. ज्यानं ही यादी नोटीस बोर्डवर लागलेली पाहिली आहे त्यालाच तो दशांश कळतो.

---

बॅकलॉग_क्लिअर

सर, माफ करा, पण ७५ टक्के हा यूजीसीचा कायदा आहे आणि तो पूर्ण देशात सारखाच आहे. कॉलेजला त्यात काही करता येत नाही. मेडिकल सर्टिफिकेट दिलं की मात्र सोडतातच, त्याचा पण नियम आहे.

---

तासिकावाले_सर

अर्धं बरोबर आहे. यूजीसीच्या २००३ च्या पदवी शिक्षणाच्या विनियमांत २०२५ पर्यंत असं होतं की किमान हजेरी विद्यापीठानं ठरवावी आणि ती साधारणपणे ७५ टक्क्यांपेक्षा कमी नसावी. म्हणजे आकडा ठरवणारं विद्यापीठ, यूजीसीनं तेव्हा फक्त तळ दाखवला होता. विषयवार मोजायचं की सगळ्यांचं मिळून, किती सूट द्यायची, हे ज्या त्या ठिकाणच्या नियमात पाहावं लागतं. मेडिकल दिलं की सोडतातच असं समजून कोणी बसू नये. त्या भरवशावर बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

---

फार्मसी_थर्ड_इयर

आमच्याकडे तर ७५ चं मीम चालतच नाही! फार्मसी कौन्सिलच्या नियमानं बी.फार्मला ८० टक्के लागतात आणि तेही प्रत्येक विषयात वेगवेगळे. त्याशिवाय थिअरीच्या इंटर्नलमध्ये हजेरीचे चार मार्क असतात. ९५ च्या वर चार, ९० ला तीन, ८५ ला दोन, ८० ला एक.

म्हणून इंजिनिअरिंगच्या पोरांनी ‘७३.८’ टाकलं तेव्हा आमच्या विंगमध्ये कोणी हसलं नाही. आम्ही त्यावर खोडून लिहिलं, ‘त्यायचं ७५ वर सुटते, आमचं ८० वर सुरू होते’. मग आमच्याकडचे हसले आणि त्यांच्याकडे शांतता. एकाच मेसमध्ये एकच डाळ खाणारे आम्ही, मध्ये फक्त एक भिंत, पण आकडा बदलला आणि मीम भिंतीला अडलं. ताई, तुमच्या प्रश्नाचं मला वाटतं हे सगळ्यात सरळ उत्तर आहे. होस्टेल सारखं असून भागत नाही, भीती सारखी असावी लागते.

---

सोयाबीनवाला

मी बी.एस्सी. केलं, गाव दर्यापूरपासून आत. सरांनी दांड्यांचं म्हटलं म्हणून लिहितो. माझी हजेरी दर वर्षी ऑक्टोबरमध्येच पडायची. सोयाबीन सोंगायला आलं की मजूर मिळत नाही, थ्रेशरचा नंबर लागला की घरून फोन येते, ये म्हणून. चार-पाच दिवस गेले की गेले. परत यायला सकाळची मुक्कामी गाडी चुकली तर आणखी एक दिवस.

अटेंडन्सची जेवढी मीम मी पाहिली त्यात पोरगा एकतर झोपलेला असते नाहीतर कॅन्टीनमध्ये असते. वावरात असलेला पोरगा एकाही मीममध्ये नाही. आमच्या वर्गात अर्धे तरी तसे होते. आम्ही पण ते झोपलेल्या पोराचं मीम फॉरवर्ड करायचो आणि हसायचो. हे असं का, ते मला आजही सांगता येत नाही. घरी काम आहे हे सांगायची लाज वाटायची, झोपलो होतो हे सांगायची नाही वाटायची.

---

पूर्णाकाठची

@सोयाबीनवाला दादा, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. माझा भाऊ आत्ता हेच करतोय. तुमची परवानगी असेल तर हे तुमच्या शब्दांत लेखात घेईन, नाव न घालता.

---

सोयाबीनवाला

घ्या ताई.

---

दुसऱ्यांदा_एमथ्री

तिसऱ्या ढिगाबद्दल मला माझंच सांगायचं आहे. पहिल्या वर्षी होस्टेलला आले तेव्हा ग्रुपवर परीक्षेच्या आदल्या रात्री मीमचा पाऊस असायचा. ‘पाच युनिट, सहा तास’. ‘युनिट चार कोणाचं नाव आहे?’ रात्री दीडला सीनियर ताई लिहायच्या, ‘काईच नाई झालं बे’. मला वाटलं इथे असंच चालतं, सगळे एका रात्रीत काढतात. मी पण तसंच केलं. पेपरच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानातून क्वेश्चन बँक आणली, मेसच्या हॉलमध्ये बसले, पहाटे चारपर्यंत वाचलं. सकाळी गणित डोळ्यांपुढे तरंगत होतं. एम-थ्रीला तर मी दोनदा बसले.

नंतर त्याच ताईंच्या खोलीत राहायला गेले तेव्हा कळलं. त्यांनी असाइनमेंट स्वतःच्या हातानं सोडवलेल्या होत्या, मागची पाच वर्षांची पेपरं त्या आधी एकदा करून झालेल्या होत्या. आदल्या रात्री त्या फक्त उजळणी करायच्या. ‘काईच नाई झालं’ हे त्यांना मनापासून वाटायचं, खोटं नव्हतं. पण त्यांचं ‘काहीच’ आणि माझं ‘काहीच’ यात पूर्ण सत्राचा फरक होता.

मीम दोघींना कळलं, दोघी हसलो. पास एक झाली.

---

बॅकलॉग_क्लिअर

ताई, पण आदल्या रात्रीनं पण निघतात पेपर. मी काढले आहेत. थिअरीचे विषय असतील तर निघतात. गणिताला नाही चालत हे खरं.

---

दुसऱ्यांदा_एमथ्री

थिअरीचे माझेही निघाले. पुढच्या सत्रात त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं.

---

पुणेकर_पाहुणा

मी इथे वाचक आहे. आदल्या रात्रीची मीम आमच्याकडे शब्द न बदलता हीच असतात. ‘युनिट चार कोणाचं नाव आहे’ हे मी पण फॉरवर्ड केलंय. डाळीचं मात्र मला खरंच हा धागा वाचेपर्यंत कळलं नव्हतं. मला तो वाटीचा फोटो म्हणजे रसम वाटला होता.

---

पूर्णाकाठची

@पुणेकर_पाहुणा हे माझ्याही लक्षात येत होतं, तुम्ही नेमकं सांगितलंत. आदल्या रात्रीच्या मीमला पेपर आणि घड्याळ एवढंच लागतं, म्हणून ते कुठेही जातं. अटेंडन्सचं जातं ते आकडा सारखा असेल तिथपर्यंत. डाळीचं पूर्णेच्या खोऱ्याबाहेर जात नाही. आणि माझ्या वहीत पाहिलं तर सर्वांत जास्त वेळा पुन्हा बनवलेलं मीम हे न जाणारंच आहे. आदल्या रात्रीची मीम शेकड्यांनी आहेत, पण ती बाहेरून आलेली आणि तशीच पुढे ढकललेली, फॉरवर्ड होऊन होऊन अक्षरं धुरकट झालेली. डाळीचे फोटो स्वच्छ आहेत, कारण दर वेळी कोणीतरी स्वतःच्या ताटातला काढला.

---

यवतमाळची_जुनी

ताई, तुमचं वाचून मला आमचं वसतिगृह आठवलं. मी घाटंजीकडच्या पाड्यावरची, यवतमाळला आदिवासी विभागाच्या वसतिगृहात होते. २०१८ साली सरकारनं जिल्ह्याच्या ठिकाणच्या वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरवलं. त्याविरुद्ध पोरांनी मोर्चे काढले, पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते तेही त्याच वर्षी.

मेस होती तोवर आमच्याकडे पण असे फोटो असायचे. आलू-वांग्याची भाजी रोज असायची, त्यातलं वांगं किती दिवसांचं यावर पोरी रोज काहीतरी लिहायच्या. मेस बंद झाली आणि कोणी डबा लावला, कोणी खोलीत भात टाकला, कोणी पैसे घरी पाठवले आणि एक वेळ पाव खाल्ला. महिनाभरानं माझ्या लक्षात आलं की ग्रुपवर जेवणाचं एकही मीम येत नाही. कोणाच्या ताटात काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पैसे उशिरा आले तर ज्याला त्याला एकट्यालाच उपास. त्यावर काय टाकणार आणि कोण हसणार?

पातळ असेना का, सगळ्यांची एक डाळ होती.

---

वऱ्हाडी_पोट्टा

ताई, हे तुमी लय खरं लिहिलं. माह्या मनात आलंच नव्हतं.

---

ग्राहक_मंच

पैसे उशिरा येत असतील तर त्याची तक्रार प्रकल्प कार्यालयात करता येते. मी चेष्टेनं म्हणत नाही, मुलांनी उपाशी राहू नये.

---

यवतमाळची_जुनी

केल्या होत्या काका. आता माझं शिक्षण झालं. तुमची भावना समजते.

---

माजी_रेक्टर

मी अकोला जिल्ह्यातल्या एका होस्टेलचा नऊ वर्षं रेक्टर होतो. एक गोष्ट या धाग्यात थोडी एकतर्फी होते आहे असं मला वाटतं. दर वेळी पाण्याचाच दोष नसतो. मेस ठेकेदाराकडे असेल आणि त्याचा दर तीन वर्षं वाढलेला नसेल, तर तूरडाळ महागली की तो डाळ कमी करतोच, आणि मी ते मोजून पाहिलं आहे. पोती मोजली, महिन्याचे डोकी-दिवस काढले, भागाकार केला. माणशी पंचवीस ग्रॅमवर आलं होतं. @मेसवाल्या_काकूंचा_मुलगा, तुमच्या आईंबद्दल मी हे म्हणत नाही.

पाण्यानं फाटलेलं वरण आणि डाळ कमी असलेलं वरण यांत फरक ओळखता येतो. वाटी हलवा. पाण्यानं फाटलेल्यात तळाला दाणे पुष्कळ आणि अख्खे असतात, चावले तर मध्ये कण लागतो. डाळ कमी असेल तर ती फुटलेली असते, पाणी एकसारखं गढूळ दिसतं, पण तळाला फार काही उरत नाही. या धाग्यावरच्या फोटोत पहिला प्रकार दिसतो.

---

पूर्णाकाठची

सर, तुमचं वाचून अकराही फोटो पुन्हा पाहिले. गॅदरिंगच्या आदल्या दिवशीचा तो खरंच एकसारखा गढूळ आहे. मेळ न लागणाऱ्या दोनांपैकी एकही तसा नाही, त्यांत दाणे अख्खे आहेत. कदाचित त्या दिवशी पाण्याबद्दल कोणी लिहिलं नसेल.

एक अडचण उरली आहे. वार्षिकांकात मूळ फोटो छापायचा तर काकूंना विचारल्याशिवाय छापणार नाही. वर त्या दादाची आई फोटो पाहून जेवली नव्हती ते वाचल्यापासून तर नाहीच. उद्या दुपारी मेसमध्ये जाते.

---

मेसवाल्या_काकूंचा_मुलगा

विचारा ताई. पाण्याचं पण लेखात लिहा, फोटोच्या खालीच लिहा.

---

पूर्णाकाठची

जाऊन आले.

काकू पोळ्या लाटत होत्या. मी मोबाइल पुढे धरला आणि सगळं सांगितलं, पाण्याचं, तारखांचं, केसांच्या मेसेजचं. त्या म्हणाल्या, बोअरच्या दिवशी मलाच वाढताना लाज वाटते, पोरायले सांगू कसं, सांगितलं तर म्हणतील बहाणे करते. मग पीठ पुसून त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, ‘बाई, ही वाटी आपली न्हाई.’

आमच्या मेसच्या प्रत्येक वाटीवर काठाखाली त्यांच्या सासूबाईंचं नाव टाकलेलं आहे, ठोक्यानं ठोकलेलं. मी तीन वर्षं त्या वाटीत जेवतेय. फोटोतली वाटी कोरी आहे. बाकी दहा फोटो पाहिले, त्या सगळ्यांवर नाव दिसतं. मूळ फोटो आमच्या मेसचा नाहीच. ग्रुपवर तो टाकणाऱ्या मुलीला विचारलं, तिला मावसभावाकडून आला होता, त्याला आणखी कोणाकडून.

काकूंनी छापायला हो म्हटलं आहे, पण आमच्या वाटीचा. नळाच्या दिवशीचा एक आणि बोअरच्या दिवशीचा एक, शेजारी शेजारी.

मूळ वाटी कोणाची आहे ते इथे कोणी ओळखत असेल तर कृपया सांगा.

---

वऱ्हाडी_पोट्टा

ताई, मी तवापासून सांगणार होतो. मले वाटलं ते आमच्याच मेसचं हाय. पण आमच्या वाट्यायले खाली गोल कडं हाय, याले नाई.

---

मेसवाल्या_काकूंचा_मुलगा

आईला दाखवलं. आमची पण नाही.